अकरा महिने पूर्ण भाड्याने, की दोन वर्षं थोड्या कमी भाड्याने?

पुण्यात एमएससीला आलेल्या विद्यार्थ्याला मालक १६,००० सांगतात. ‘दोन वर्षं राहतो, १५,२०० करा’ म्हणावं का?

खर्च: दोन वर्षांच्या करारात वर्षाला ९,६०० वाचतात. मालकांपुढे हाच हिशोब मांडा: काका, घर एक महिना रिकामं राहिलं तर १६,००० जातात, शिवाय रंगरंगोटी. दुसऱ्या वर्षीची वाढ आत्ताच करारात लिहून घ्या, नाहीतर वाचलेलं तिथेच जाईल. अकरा महिन्यांच्या करारात मात्र नूतनीकरणाला भाव पुन्हा ठरतो, नोंदणीचा खर्चही पुन्हा येतो.

मोकळीक: इथे अकरा महिने सरस. दोन वर्षांच्या करारात मालक लॉक-इन मागतात आणि खरी अडचण तिथेच होते. पूर्ण २४ महिन्यांचं लॉक-इन असेल आणि चौथ्या सत्रात इंटर्नशिप बंगळुरूला लागली, तर उरलेलं भाडं मागितलं जातं. म्हणून लॉक-इन पहिल्या वर्षापुरतंच, पुढे एक महिन्याची नोटीस, असं लिहून घ्या. २२ महिन्यांवर मानू नका: जुलैत सुरू झालेला करार एप्रिलअखेर संपतो, ऐन परीक्षेच्या तोंडावर.

करार कितीही महिन्यांचा असो, महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे. तोंडी सवलत धरू नका.

अभ्यासक्रम इथेच पूर्ण होणार असेल तर दोन वर्षं घ्या. शहर बदलण्याची शक्यता असेल, किंवा रूममेट पक्का नसेल, तर अकरा महिनेच.