ब्लेड कधी बदलायचं? सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

सात महिने झाले साधा दुधारी ब्लेडवाला सेफ्टी रेझर वापरतोय, एक दिवसाआड दाढी. आधी माझा हिशोब सरळ होता, ब्लेडवर गंज दिसला किंवा कापलं की बदलायचं. पण स्टेनलेस ब्लेडला गंज चढायच्या कितीतरी आधी धार गेलेली असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, कातडीवर दिसतं.

मधे एकदा मुद्दाम करून बघितलं. डाव्या बाजूला आठ दाढ्या झालेलं ब्लेड, उजवीकडे नवं कोरं, फेस तोच, रेझर तोच. गालावर तर फरकच कळेना! फरक पडला हनुवटीला आणि जबड्याखाली, जिथे खुंट जाड असतात आणि वाट्टेल त्या दिशेला उगवतात. उजवीकडे दोन हातात काम झालं, डावीकडे केस ओढल्यासारखे व्हायला लागले, त्याच जागी चार-चार वेळा फिरवावं लागलं आणि नकळत हात दाबायला लागलो. दहा मिनिटांत गळ्याची डावी बाजू लाल, पाणी लागलं तरी आग. ती लाली संध्याकाळपर्यंत गेली, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथेच तीन-चार लाल फोड, एकात तर केस आतल्या आत वळलेला दिसत होता.

म्हणजे नुसत्या बोथट धारेने एवढं होत नाही, ती भरून काढायला आपण जो जोर लावतो आणि जास्तीचे हात मारतो ना, त्यात केसासोबत वरची कातडीपण खरवडली जाते. म्हणून मी आता गालावरून ठरवतच नाही, जबड्याखाली तिसरा हात लागला की ते ब्लेड संपलं.

केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ, तरी धार जाते कशी? २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की केस वाकून धारेवर तिरका दाब देतो आणि धारेचे बारीक टवके उडतात. माझ्यापुरतं सांगायचं तर कोरड्या खुंटांवर घाईत दाढी केली की ब्लेड तीन दाढ्यांतच ओढायला लागतं, आणि आंघोळीनंतर दोन-तीन मिनिटं फेस मुरू दिला की पाच आरामात निघतात. टॉवेलने धार पुसायचं बंद केलंय, नुसतं धुवून झटकतो आणि कोरड्या जागी ठेवतो.

तर दाट दाढीला माझा आकडा पाच. विरळ दाढी असेल तर सातपर्यंत जाईल, कार्ट्रिजलाही पाच ते सात दाढ्या धरा. पण एक बघा, नव्या ब्लेडनेही पहिल्याच दिवशी आग होत असेल तर आधी रेझरचा कोन आणि हाताचा दाब तपासा, आणि पू भरलेले फोड दोन-तीन आठवडे जात नसतील तर ब्लेड बदलत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.