आठ महिने पहाटेचं पहिलं विमान: एका सोलापूरकराचा अनुभव

टॉवेलच्या धंद्यापायी मला महिन्यातून एकदा दिल्ली गाठावी लागते. रात्री जेवून सोलापुरातून बस धरायची, मध्यरात्रीनंतर पुणे, तिथून रिक्षाने लोहगाव आणि पहाटेचं पहिलं विमान. झोपेचं खोबरं होतं, तरी आठ महिन्यांत जाताना माझं काम एकदाच चुकलं. येतानाच्या संध्याकाळच्या विमानांनी मात्र बराच त्रास दिला.

कारण साधं आहे. पहाटेचं विमान रात्रीच येऊन उभं असतं, त्यामुळे आदल्या दिवशीचा थोडाफार उशीर रात्रीत जिरून जातो. संध्याकाळच्या विमानाने तोवर चार-पाच फेऱ्या केलेल्या असतात. दोन फेऱ्यांमध्ये प्रवासी उतरवणं, सफाई, इंधन आणि नवे प्रवासी हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात उरकायचं असतं, म्हणून सकाळी गेलेला वेळ दिवसभरात पुरता भरून निघत नाही.

मे महिन्यातली एक परतीची खेप सांगतो. विमान रात्री ८.४० चं होतं. दुपारी मी विमानांचा माग दाखवणाऱ्या Flightradar24 या ॲपवर त्याचा नोंदणी क्रमांक (आपल्याकडे तो VT ने सुरू होतो) शोधून दिवसभराच्या फेऱ्या पाहिल्या. कोलकात्याहून ते वादळामुळे ५० मिनिटं उशिरा निघालं होतं. बेंगळुरूत घाई करून १० मिनिटं वाचवली, पण उड्डाणाच्या रांगेत १५ गेली. दिल्लीत परत १० वाचली. हिशेब ४५ मिनिटांचा, आणि आम्ही निघालो ९.२५ ला. फलकावर संध्याकाळपर्यंत 'वेळेवर' असंच होतं. पुण्यात उतरेपर्यंत माझी सोलापूरची बस निघून गेली होती.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट असते. जमीन तापून दुपारनंतर गडगडाटी ढग उठतात, विमानांना वळसा घ्यावा लागतो किंवा थांबावं लागतं. पहाटे हवा बहुधा शांत असते.

पण दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत जायचं तर हा नियम उलटतो. तिथलं धुकं पहाटे सगळ्यात दाट असतं, त्यामुळे इथून विमान तयार असूनही सुटत नाही. माझं ते एक काम याच धुक्यात गेलं. त्या दोन महिन्यांत मी दुपारचं विमान घेतो.

दुसरी मेख म्हणजे, विमानतळावरचं पहिलं विमान म्हणजे त्या विमानाची पहिली फेरी असं नसतं. आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याला जाणारं विमान आधी गोव्याहून इथे येतं, म्हणजे तिथला उशीर इथे पोचतो. म्हणून तिकीट काढण्याआधी मी त्या क्रमांकाच्या विमानाच्या मागच्या आठवड्याच्या फेऱ्या पाहतो. रात्री ते निघायच्या विमानतळावरच मुक्कामाला असेल तरच पहाटेचं घेतो.

माझा साडू म्हणतो, "एवढी झोपमोड कशाला?" मी त्याला दिल्लीतली सकाळी ११ ची भेट दाखवतो. संध्याकाळचं विमान मी आता त्याच रात्री पुढची बस धरायची नसेल तेव्हाच घेतो.