फोनवरून नाकारलेला विमा दावा आणि लेखी कारणांची मागणी

घरातील वस्तूंच्या विम्याचा माझा दावा नामंजूर झाला आहे, असे मला कंपनीकडून केवळ फोनवर सांगण्यात आले. पुढे कागदपत्रे हाती आली तेव्हा दिसले की कंपनीच्या दफ्तरी तो नामंजूर झालेलाच नव्हता. ‘ग्राहकाने पाठपुरावा न केल्यामुळे बंद’ अशी त्याची नोंद होती. माझी फसवणूक झाली ती नेमकी या दोन नोंदींमधल्या फरकात. ज्यांना आज असाच फोन आलेला असेल, त्यांनी तो दावा संपला असे समजण्यापूर्वी हे वाचावे, म्हणून सविस्तर लिहितो.

वॉशबेसिनच्या नळाला जोडलेली लवचिक नळी आम्ही घरी नसताना फुटली आणि पाणी दोन खोल्यांत पसरले. लाकडी फरशी फुगली, कपाटांचे पाय व तळ भिजले, गाद्या वाया गेल्या. अशा नुकसानीत बहुतेक वाद एकाच प्रश्नावर होतात. पाणी अचानक आणि अनपेक्षितपणे बाहेर पडले असेल तर घराच्या विम्यात ते सहसा धरले जाते. पाणी दीर्घकाळ झिरपत राहिले असेल तर ती झीज किंवा देखभालीतील उणीव मानून वगळले जाते. जुन्या गळतीच्या खुणा वेगळ्या असतात: एकात एक उमटलेली डागांची वलये, काळी बुरशी, हाताने कुसकरणारे लाकूड, गंजलेले स्क्रू. नळी एकदम फुटलेली असेल तर तिची चीर ताजी दिसते आणि भिजलेल्या सगळ्या वस्तूंवर पाण्याची रेषा साधारण एकाच उंचीवर येते. सर्व्हेअरने ओलावा मोजला, छायाचित्रे काढली आणि फुटलेली नळी सोबत नेली. त्या नळीची छायाचित्रे मी आधीच काढून ठेवली होती.

त्यानंतर आलेल्या फोनांत कारण दर वेळी बदलत गेले. पहिल्यांदा सांगितले गेले की हा प्रकार पॉलिसीत बसत नाही. पुढच्या वेळी, नुकसान उशिरा कळवले असे कारण आले. त्यानंतर, ओल जुनी आहे आणि सर्व्हेअरनेच तसे लिहिले आहे, असे सांगण्यात आले. पत्र मागितले की उत्तर ठरलेले असे: आमच्याकडून असे पत्र निघत नाही, स्थिती ऑनलाइन दिसेल. शेवटी एका प्रतिनिधीने अत्यंत आपुलकीच्या सुरात सुचवले, “तुम्ही क्लेम मागे घेतलात तर रेकॉर्डवर नकार राहणार नाही, पुढच्या रिन्युअलला तुम्हालाच सोपे जाईल.”

या वाक्यापासून प्रत्येकाने सावध राहावे. त्या संभाषणाचे रेकॉर्डिंग होत असते आणि ‘बरं, ठीक आहे’ एवढा उद्गारही दावा मागे घेण्यास संमती म्हणून नोंदवला जाऊ शकतो. दावा मागे घेतला किंवा पाठपुराव्याअभावी बंद झाला, तर कंपनीला नकाराचे कारण द्यावेच लागत नाही, कारण तिच्या लेखी तिने नकार दिलेलाच नसतो. मग तक्रार कशाविरुद्ध करायची? स्वतंत्र तक्रार निवारण यंत्रणेपुढे कंपनीचा लेखी निर्णय हाच सहसा तक्रारीचा आधार असतो, आणि तो तर अस्तित्वातच नसतो. शिवाय पुढच्या विमा अर्जात बहुधा मागील नुकसानीबद्दलच विचारलेले असते, त्यामुळे दावा मागे घेतल्याने ती माहिती देण्याचे टळते असेही नाही. मी त्या फोनवर एवढेच म्हटले की दावा कायम आहे आणि यापुढे उत्तर लेखीच द्यावे.

त्याच दिवशी, फोन ठेवल्यावर, मी दाव्याच्या ई-मेल पत्त्यावर संभाषणाचा गोषवारा पाठवला. त्यात माझे मत काहीच नव्हते. मजकूर असा होता: “आज आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवरून कळवले की माझा दावा ओल जुनी असल्याच्या कारणावरून देय नाही. यापूर्वीच्या संभाषणांत पॉलिसीत न बसणे व उशिरा कळवणे अशी कारणे सांगण्यात आली होती. दावा मागे घेण्याची सूचना मी स्वीकारलेली नाही. यात काही चुकीचे नोंदले गेले असल्यास लेखी कळवावे, तसेच या संभाषणांचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे.” ध्वनिमुद्रणे कंपन्या कायमची ठेवत नाहीत, म्हणून ती जपण्याची विनंती लवकर करणे आवश्यक असते. पुढे ध्वनिमुद्रण मिळाले नाही तरी त्या दिवशीचा हा ई-मेल पुरावा म्हणून राहतो, आणि त्यातील मजकूर कंपनीने वेळीच खोडून काढला नाही तर नंतर तो नाकारणे तिला जड जाते.

यानंतर मी कारणांची औपचारिक मागणी केली. ती ई-मेलने पाठवली आणि तिची प्रत पोचपावतीसह टपालानेही पाठवली, कारण ग्राहक सेवेच्या चॅटवर किंवा ॲपमधील चौकटीत लिहिलेला मजकूर पुढे आपल्याकडे राहीलच असे नसते. पत्राच्या डोक्यावर पॉलिसी क्रमांक, दाव्याचा क्रमांक आणि नुकसानीची तारीख होती. पहिली विचारणा दाव्याच्या स्थितीबद्दल होती: दावा नामंजूर आहे, अंशतः मंजूर आहे, प्रलंबित आहे की बंद केला आहे, आणि तो निर्णय कोणत्या तारखेला कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने घेतला. हा प्रश्न नुसता तांत्रिक वाटतो, परंतु ‘बंद’ ही नोंद मला कळली ती याच्याच उत्तरातून. दुसरी मागणी अशी होती की नकार पॉलिसीच्या ज्या कलमावर आधारलेला आहे त्या कलमाचा क्रमांक आणि शब्दशः मजकूर द्यावा, आणि तो नुकसानीच्या तारखेला लागू असलेल्या पॉलिसी पुस्तिकेतील असावा. नूतनीकरणाच्या वेळी शब्दरचना बदललेली असू शकते आणि संकेतस्थळावर बहुधा नवीच पुस्तिका ठेवलेली असते. तिसरी मागणी, ते कलम लागू करताना कोणती वस्तुस्थिती गृहीत धरली आणि ती कोणत्या कागदावरून, हे सांगून सर्व्हेअरच्या अहवालाची छायाचित्रांसह प्रत द्यावी. शेवटी, सांगितलेल्या कारणांखेरीज आणखी कोणते कारण असल्यास तेही याच उत्तरात नमूद करावे, असे लिहिले. कारण पुन्हा बदलले तर आधी का सांगितले नाही, हे कंपनीलाच सांगावे लागावे, यासाठी ते शेवटचे वाक्य होते.

या पत्रात वाद घालण्याचा मोह आवरावा, असे मी आग्रहाने सांगेन. अन्याय झाला आहे म्हटल्यावर मनातले सगळे लिहावेसे वाटते, पण कारण कळण्याआधी बचाव लिहिणे म्हणजे समोरच्याला कारण पुरवणे होय. ‘बेसिनखाली थोडा डाग आधीपासून होता, पण त्याचा याच्याशी संबंध नाही’ असे वाक्य लिहिले, तर त्याचा पूर्वार्ध तेवढा फाइलमध्ये कबुली म्हणून वापरला जाण्याचा धोका असतो. विमा व्यवहारात सर्वसाधारणपणे असे मानले जाते की नुकसान संरक्षणाच्या कक्षेत येते एवढे विमेदाराने दाखवावे आणि अपवादाचे कलम लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीने घ्यावी. आपणच त्या अपवादाचा खुलासा आधी सुरू केला, तर तो भार नकळत आपल्याकडे येतो.

पहिले उत्तर आले ते सभ्य आणि निरुपयोगी होते. ‘पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार आपला दावा देय ठरत नाही’ यापलीकडे त्यात काहीही नव्हते. अशा पत्राची पारख सोपी आहे: त्यात कलमाचा क्रमांक नसतो, नुकसानीचे वर्णन नसते आणि नाव व दाव्याचा क्रमांक बदलला तर ते इतर कोणालाही पाठवता येते. त्याला कारण समजून लगेच वादाचे उत्तर धाडू नये. मी माझे पत्र पुन्हा जोडले, कोणत्या विचारणांना उत्तर मिळाले नाही तेवढेच लिहिले आणि प्रत कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवली.

त्यानंतर कलम आणि अहवाल दोन्ही मिळाले. कलम अपेक्षेप्रमाणे दीर्घकाळच्या झिरपणीचे होते. उशिरा कळवल्याचा आरोप लेखी उत्तरात कुठेही नव्हता; तोंडी बोलताना ठामपणे सांगितलेली ती गोष्ट कागदावर घ्यायला कोणी तयार झाले नाही. अहवालात मात्र फोनवर सांगितले गेले त्याहून बरेच निराळे लिहिलेले होते. सर्व्हेअरने बेसिनखालच्या कपाटाच्या तळफळीवर बुरशी व जुने डाग असल्याचे नोंदवले होते, आणि पुढच्याच परिच्छेदात नळीची चीर ताजी असून खोल्यांतील फरशी व कपाटांचे नुकसान त्या फुटण्यामुळे झाले असल्याचे स्पष्ट म्हटले होते. त्याची शिफारस तळफळी वगळून उर्वरित नुकसान देण्याची होती. एका फळीबद्दलचे निरीक्षण उचलून ते दोन खोल्यांना लावले गेले आणि ‘सर्व्हेअरनेच तसे लिहिले आहे’ या अर्धसत्याखाली संपूर्ण दावा बंद केला गेला. हा अहवाल मागितला नसता तर तो मला कधीच दिसला नसता.

आता उत्तर लिहिणे सोपे होते. अहवालातील ते दोन परिच्छेद उद्धृत करून, कलम तळफळीपुरते मान्य आहे आणि बाकी नुकसानीला ते लागू होत नाही, असे मी एका पानात लिहिले व नळीची छायाचित्रे जोडली. तळफळीसाठी भांडण्यात अर्थ नव्हता. लेखी कारण मागितल्याने योग्य नकार अयोग्य ठरत नाही, आणि कधी कधी आलेले कारण वाचून कंपनीचेच बरोबर आहे असे दिसते. तेव्हा पुढचा खर्च व मनस्ताप वाचतो, हेही काही कमी नाही.

एका मर्यादेकडे मात्र दुर्लक्ष करू नये. आपण कारणे मागितली म्हणून तक्रारीची किंवा न्यायालयात जाण्याची मुदत आपोआप थांबते असे नाही. काही पॉलिसींमध्ये, कंपनीने जबाबदारी नाकारल्यापासून ठरावीक काळात न्यायालयात दावा दाखल न केल्यास हक्क सोडून दिला असे मानण्याची अटही असते. ही मुदत फोनच्या तारखेपासून मोजायची की पत्राच्या, यावर वाद होऊ शकतो. म्हणून फोनची तारीख धरूनच हिशेब ठेवावा आणि पत्रव्यवहार लांबत चालल्यास त्या तारखेच्या आत पुढची पायरी गाठावी.

कंपनीने पुढे तळफळी वगळून भरपाई मंजूर केली. ‘पाठपुरावा न केल्यामुळे बंद’ ही नोंद रद्द केल्याचे पत्र मी वेगळे मागून घेतले, कारण पैसे जमा झाल्यावरही ती तशीच राहिली असती, तर पुढच्या विमा कंपनीला तिचा खुलासा मलाच करावा लागला असता.