20 मीटरच्या रिसीव्हरसाठी 455 किलोहर्ट्‌झ की 9 मेगाहर्ट्‌झ?

धरमपेठेतील एका हौशी रेडिओ मित्राला 20 मीटर पट्ट्यातल्या 14.2 मेगाहर्ट्‌झसाठी सुपरहेटरोडाइन रिसीव्हर बांधायचा आहे. असा रिसीव्हर आलेला संकेत मिक्सरमध्ये ऑसिलेटरच्या संकेताशी मिसळून एका ठरावीक, मध्यम वारंवारतेवर आणतो. ती कोणती घ्यावी, हा त्याचा पेच आहे.

खर्चात 455 सरस ठरते, कारण तिचा ट्यून केलेला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आयएफटी, जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओमधूनही निघतो, तर 9 मेगाहर्ट्‌झला फिल्टरसाठी एकमेकांशी जुळणारे क्रिस्टल मोजून निवडावे लागतात, आणि हे काम कंटाळवाणे आहे.

खरा फरक प्रतिमा वारंवारतेत, म्हणजे मिक्सरमधून त्याच मध्यम वारंवारतेवर येणाऱ्या नकोशा संकेतात आहे. 455 साठी ऑसिलेटर 14.655 वर चालतो, पण 15.11 मेगाहर्ट्‌झचा संकेतही त्याच्यापासून 455 किलोहर्ट्‌झच दूर असल्याने मिक्सरला दोन्ही सारखेच, आणि तेथे तर 19 मीटरची बलाढ्य प्रसारण केंद्रे आहेत. मिक्सरच्या आधीचे, निवडकता दाखवणारा क्यू 50 असलेले एकच ट्यून सर्किट हा संकेत जेमतेम सहापट दाबते. मिक्सरनंतर तो कोणत्याही फिल्टरने वेगळा होत नाही. इनपुटचा ट्रिमर वरच्या वारंवारतेकडे फिरवल्यावर आवाज वाढला, तर ती प्रतिमाच समजावी.

9 मेगाहर्ट्‌झसाठी ऑसिलेटर 5.2 वर येतो आणि प्रतिमा 3.8 मेगाहर्ट्‌झवर पडते. तेच सर्किट तिला सुमारे 170 पट दाबते.

केवळ मध्यमलहरी ऐकणाऱ्याने 455 घ्यावी. मित्राने मात्र क्रिस्टल मोजायला बसावे. ते जमणार नसेल, तर 455 घेऊन मिक्सरच्या आधी निदान तीन ट्यून सर्किटे लावावीत.