गुरुत्वाकर्षणाच्या धड्याच्या नोट्स: सारांश, प्रश्नवही की एकपानी?

दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. पंधराएक पानांत केप्लरचे तीन नियम, न्यूटनचा सिद्धांत, गुरुत्व त्वरण, मुक्त पतन आणि मुक्तिवेग येतात, मध्येमध्ये सोडवलेली उदाहरणंही आहेत. परीक्षेआधी हे सगळं परत वाचायला वेळ नसतो, म्हणून मुलं नोट्स काढतात. मी बरीच वर्षं दहावीला विज्ञान शिकवते. मुलांच्या वह्यांमध्ये मला नोट्सच्या तीन पद्धती दिसतात, आणि कोणती निवडावी हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच. हा एकच धडा तिन्ही पद्धतींनी काढून पाहिला की फरक लगेच दिसतो.

पहिली पद्धत सारांशाची. पुस्तकाच्याच क्रमाने चालायचं, महत्त्वाची वाक्यं उचलायची, पंधरा पानांची चार पानं करायची. सर्वात जास्त मुलं हेच करतात. धडा पहिल्यांदा समजून घेताना याचा उपयोग होतो, कारण काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना वाचावं लागतं. अडचण गाळताना येते. वाक्य छोटं करायच्या नादात अट गळून जाते आणि उरलेलं वाक्य चुकीचं होतं.

एका वहीतलं वाक्य मला अजून आठवतं: ‘उंचावर g कमी होतो, म्हणून अवकाशयानात वजन नसते.’ वाचायला अगदी सुटसुटीत, पण चूक. पृथ्वीची त्रिज्या ६४०० किमी धरली, तर ४०० किमी उंचीवरचं अंतर केंद्रापासून ६८०० किमी होतं. तिथला g काढून पाहा:

```
g = 9.8 × (6400/6800)² ≈ 8.7 m/s²
```

म्हणजे जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के. गुरुत्वाकर्षण तिथे भरपूर आहे. वजन जाणवत नाही ते यान आणि आतला माणूस दोघेही मुक्त पतनात असतात म्हणून. त्या मुलाने धड्यातली दोन खरी वाक्यं ‘म्हणून’ने जोडली आणि खरं कारण गाळलं. पुढे तो तीच वही वाचत राहिला, आणि प्रत्येक वाचनात चूक अधिक पक्की होत गेली. सारांशात चूक शोधायची सोय नसते, ही त्याची मोठी उणीव.

दुसरी पद्धत प्रश्नवहीची. पानाच्या डाव्या बाजूला तिसरा हिस्सा सोडून उभी रेघ मारायची. उजवीकडे उत्तर आणि डावीकडे प्रश्न. प्रश्न ‘मुक्तिवेग म्हणजे काय’ एवढ्यावर थांबवायचे नाहीत, पेपरात येतात तसे ‘का’ आणि ‘किती पट’ असेही लिहायचे. नमुना असा:

| झाकून विचारायचं | उघडून ताडायचं |
|---|---|
| ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर दुप्पट झालं तर परिभ्रमण काळ किती पट? | √8 पट, कारण T² हा r³ च्या समानुपाती. r म्हणजे सरासरी अंतर |
| चंद्रावर काय बदलतं, काय नाही? | वजन सुमारे १/६ होतं, वस्तुमान तेच राहतं |
| सूत्रात उंची h कुठे बसते? | r = R + h. नुसती h घालायची नाही |
| पृथ्वीच्या पोटात जाताना g का कमी होतो? | आपल्याला ओढणारं वस्तुमान कमी होत जातं |

उजवी बाजू पोस्टकार्डाने झाकायची, उत्तर तोंडाने किंवा कच्च्या कागदावर द्यायचं, मग उघडायचं. चुकलेल्या प्रश्नापुढे टिंब. दुसऱ्या फेरीत फक्त टिंबवाले प्रश्न. असा धडा तीन पानांत बसतो, पण प्रश्न घडवायला वेळ लागतो, सारांशाच्या दीडपट तरी. सुरुवातीला मुलं कंटाळतातही, कारण झाकल्यावर आठवत नाही आणि वाचताना मात्र सगळं येतंय असं वाटतं.

ही वाटण्याची गोष्ट तपासली गेली आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो, म्हणून माझा कौल प्रश्नवहीला आहे.

शिवाय पेपराचा साचाही तिच्याशी जुळतो. विज्ञान भाग १ चा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. त्यात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा उपप्रश्न असतो, आणि दोन-तीन गुणांच्या प्रश्नांत सूत्र वापरून उत्तर काढावं लागतं. डाव्या रकान्यात ‘का’ लिहायची सवय असली की शास्त्रीय कारणांची तयारी वेगळी करावी लागत नाही.

तिसरी पद्धत एकपानी. एका फुलस्केपवर मध्ये धड्याचं नाव, भोवती सूत्रं, एककं, आकृत्या आणि बाण. धडा एका नजरेत दिसतो, आणि सूत्रांचे आपसातले धागे यात जसे दिसतात तसे बाकी दोन्हींत दिसत नाहीत. मुक्तिवेगाचंच घ्या. गतिज ऊर्जा आणि गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा यांची बेरीज शून्य, तिथून एक बाण:

```
½mv² − GMm/R = 0
v = √(2GM/R) = √(2gR)
  = √(2 × 9.8 × 6.4×10⁶) = 11200 m/s
```

म्हणजे ११.२ किमी प्रति सेकंद. ज्याला धडा येतो त्याला हे पान पुरे होतं. ज्याला येत नाही त्याला त्यातून काहीच मिळत नाही, कारण स्पष्टीकरणाला तिथे जागाच नाही. m कसा उडून जातो हे ठाऊक नसेल तर बाण नुसता बाण राहतो. म्हणून एकपानीने सुरुवात करू नका, आणि मित्राच्या पानाची झेरॉक्स तर मुळीच नको.

आता निवड. महिनाभर हातात असेल तर सारांश लिहूच नका. पुस्तकात पेन्सिलीने खुणा करा आणि थेट प्रश्नवही काढा. धडा वर्गात बुडाला असेल, काहीच कळलं नसेल, तर मात्र आधी सारांश लिहा, फक्त प्रत्येक ‘म्हणून’ पुस्तकाशी ताडून घ्या. आठ-दहा दिवस उरले असतील तर सगळ्या धड्याची प्रश्नवही होणार नाही. मग केप्लरचा तिसरा नियम, g चे बदल, वस्तुमान-वजन आणि मुक्तिवेग एवढ्याचेच प्रश्न काढा, बाकीसाठी स्वाध्याय सोडवा.

एकपानी करायचं ते शेवटच्या दोन दिवसांत, आणि न बघता. कोरा कागद घ्या, आठवेल ते सगळं निळ्या पेनाने मांडा, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. पेपराच्या सकाळी त्या पानावरचं फक्त लाल वाचायचं.