क्रेडिट कार्ड, आठ महिन्यांनंतर: एका दिवसाचा उशीर आणि ४८ दिवसांचं व्याज

मे महिन्याच्या शेवटी कार्ड हातात आलं. पॉइंट, ऑफर, लाउंज यांवर भरपूर लिहिलेलं सापडतं, त्यामुळे त्यात मी जात नाही. मला लिहायचंय ते ड्यू डेटबद्दल. गेल्या आठ महिन्यांत मला सगळ्यात जास्त मनस्ताप तिनेच दिला.

माझं बिल दर महिन्याच्या १२ तारखेला बनायचं. पहिलं बिल १२ जूनचं, भरायची शेवटची तारीख २ जुलै. पगार १ तारखेला संध्याकाळी जमा होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी बिल भरून मोकळा झालो. डोक्यात पक्कं बसलं की आपली तारीख २. इथेच घात झाला.

मृग लागला आणि जुना फ्रिज बंद पडला. १५ जूनला २८,००० रुपयांचा नवा घेतला, कार्डावर. बिल १२ जुलैला बनणार, पैसे ऑगस्टच्या सुरुवातीला द्यायचे, म्हणजे जवळजवळ दीड महिना बिनव्याजी. कार्ड घेतलं होतं ते यासाठीच. ५ जुलैला ६,००० रुपयांचा किराणा आणि शाळेचं सामान घेतलं. बिल आलं ३४,००० रुपयांचं. २ ऑगस्टला सकाळी पूर्ण रक्कम भरली, एक रुपयाही मागे ठेवला नाही.

१२ ऑगस्टच्या बिलात फायनान्स चार्जेस म्हणून १,८४६ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३३२ रुपये लागले होते. एकूण २,१७८.

हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, "सर, तुमची ड्यू डेट १ ऑगस्ट होती. पण लेट फी लावलेली नाही, तीन दिवसांची मुभा असते." मी म्हटलं, मुभा आहे तर मग व्याज कसलं? त्यावर त्या तेच वाक्य पुन्हा म्हणत राहिल्या. चाळीस मिनिटं गेली, रिव्हर्सल मिळालं नाही. त्या दिवशी कार्ड बंद करायचं मनाशी ठरवलं होतं.

रात्री बिलाची प्रिंट, पेन्सिल आणि मुलीचा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, तेव्हा दोन गोष्टी उलगडल्या.

पहिली म्हणजे माझ्या बँकेत ड्यू डेट ही ठरलेली तारीख नाही. बिल बनल्यापासून विसावा दिवस ती ड्यू डेट. जून ३० दिवसांचा, म्हणून १२ जूनचं बिल २ जुलैला. जुलै ३१ दिवसांचा, म्हणून १२ जुलैचं बिल १ ऑगस्टला. बिलाच्या मेसेजमध्ये तारीख स्पष्ट होती, मी फक्त रक्कम वाचली. काही बँका ड्यू डेट एकाच तारखेवर ठेवतात, पण दिवस मोजणाऱ्या बँकेचं कार्ड असेल तर पहिल्या बिलावरून तारीख पाठ करू नका.

दुसरी गोष्ट व्याजाची. माझा समज होता की एक दिवस उशीर म्हणजे एका दिवसाचं व्याज. तसं नसतं. बिनव्याजी मुदत ही पूर्ण बिल वेळेत भरलं तरच मिळते. वेळ चुकली की ती मुदत मुळात नव्हतीच असं धरतात आणि प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज मोजतात. माझ्या कार्डाचा दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२. फ्रिजचे दिवस १५ जून ते २ ऑगस्ट, ४८. २८,००० गुणिले ०.४२, गुणिले ४८, भागिले ३६५ केलं, १,५४७ आले. किराण्याचे २८ दिवस, १९३ आले. बेरीज १,७४०. तरी १०६ रुपये कमी पडत होते.

ते सापडायला अर्धा तास लागला. २० जुलैला ४,००० रुपयांची गाडीची दुरुस्ती केली होती. ती पुढच्या बिलातली, तिची मुदत संपलेलीच नव्हती. पण मागची बाकी वेळेत फिटली नाही की नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. २० जुलै ते १२ ऑगस्ट, २३ दिवस, १०६ रुपये. हिशोब रुपयाला रुपया जुळला.

इथे माझं मत थोडं बदललं. बँकेने फसवलं म्हणून मी चिडलो होतो, पण आकडा बरोबर होता. आणि लेट फीबद्दल त्या मॅडमचं बोलणंही खरं होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार बाकी तीन दिवसांहून जास्त थकली तरच लेट फी लावता येते. ही मुभा दंडाला आहे, व्याजाला नाही. राग मात्र अजून आहे, कारण ही एक ओळ त्यांना पहिल्याच मिनिटाला सांगता आली असती.

ऑगस्टचं बिल ३० तारखेलाच भरलं, तरी सप्टेंबरच्या बिलात पुन्हा ८३ रुपये व्याज आणि वर जीएसटी आला. पुन्हा फोन करणार होतो, पण आधी मोजलं. त्याच ४,००० वर १२ ते ३० ऑगस्ट, १८ दिवस. बिल बनल्यावर आणि पैसे भरेपर्यंत जे व्याज चढतं ते त्या बिलात दिसूच शकत नाही, पुढच्यात येतं. एकदा चूक झाली की दोन बिलं तिचा माग राहतो. दुसऱ्या बिलातली ही छोटी रक्कम पाहून घाबरू नका, पण भरायची राहू देऊ नका.

आता जे मनापासून आवडलं ते. बिलाची तारीख बदलून मिळते. ग्राहकाला निदान एकदा तरी ती बदलायची सोय द्यायची, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलंय. मी २० तारीख मागितली. आता बिल २० ला, भरायचं पुढच्या महिन्याच्या ९ किंवा १० ला, पगार होऊन आठवडा उलटल्यावर. सप्टेंबरमध्ये मात्र मला दोन बिलं आली, १२ चं नेहमीचं आणि २० चं आठ दिवसांचं. पहिलं २ ऑक्टोबरपर्यंत, दुसरं १० पर्यंत. बदल करताना जुनं बिल नव्यात मिसळलं असं समजू नका.

ऑटो डेबिटही लावलं. ॲपमध्ये आधीपासून निवडलेला पर्याय किमान रकमेचा होता. तो तसाच राहिला असता तर दर महिन्याला थोडेच पैसे कापले गेले असते आणि बाकीवर हेच व्याज चढत गेलं असतं. टोटल अमाउंट ड्यू निवडून घेतलं.

जाहिरातीतले ५० दिवस खरे आहेत, पण ते बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली तर, आणि तेही महिना ३१ दिवसांचा असला तरच. बिलाच्या दिवशी घेतलेल्या वस्तूला २० दिवस. गेल्या महिन्यात मिक्सर घ्यायचा होता तेव्हा सौ. १८ तारखेला दुकानात चल म्हणाली. तीन दिवस थांबून २१ ला घेतला, त्याच किमतीला, आणि पैसे एक महिना उशिरा द्यायचे झाले.

कार्ड बंद केलं नाही. फेब्रुवारीचं बिल २० ला येईल, त्याची ड्यू डेट १२ मार्च, ९ किंवा १० नव्हे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवलीय.