साधे समन्स की आदेश ३७चे?

इंदूरच्या काकांनी समन्सचा फोटो पाठवला. हिंदीत, पैशांचा दावा, पण वरची ओळ कापली गेलेली. मी आधी तीच ओळ मागवली, कारण मुदत तिच्यावरच ठरते.

साध्या दिवाणी समन्समधले 'लिखित कथन' म्हणजे आपली लेखी कैफियत. ती बजावणीपासून ३० दिवसांत द्यायची. न्यायालय कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत वेळ देऊ शकते. वर 'आदेश ३७', म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेतली पैशांच्या दाव्यांची संक्षिप्त पद्धत, असेल, तर मात्र आधी 'उपसंजाति', म्हणजे हजेरी, १० दिवसांतच नोंदवावी लागते. ती चुकली, तर वादीचे म्हणणे कबूल धरून थेट हुकूमनामा होऊ शकतो. मला हेच जास्त भीतीदायक वाटते. बचावाची परवानगी नंतर वेगळी मागायची.

काकांनी ३ मार्चला सही करून कागद घेतला होता. 'तामील' म्हणजे ही बजावणी. तो दिवस सोडून मोजले, तर साध्या समन्सला २ एप्रिल, आदेश ३७ला १३ मार्च. कागदावर 'पेशी', म्हणजे सुनावणी, २० मार्चची होती आणि काका तिचीच वाट पाहत होते!

ओळ आली. ३७च निघाला.

"काका, मूळ कागद, त्याची मागची बाजू आणि दाव्याची प्रत घेऊन आजच वकिलांकडे जा. मी मोजलेली तारीखही त्यांच्याकडून तपासून घ्या."